पहिले पाढे पंचावन्न

कनेक्ट फोर खेळणारा प्रोग्रॅम लिहिणं सोपं, तो कधी खेळतो याची वाट बघणं अवघड. सात रकाने, सहा ओळी, आपल्या चार सोंगट्या एका रेषेत आणायच्या. एवढ्याशा खेळात ‘आठ चाली पुढचं बघ’ म्हटलं की त्याची समाधी लागते. सात पर्यायांचे आठ मजले म्हणजे चालींच्या झाडाला 57,64,801 शेवटची पानं (भरलेले रकाने आणि मध्येच संपलेले डाव सोडून देऊ).

अल्फा-बीटा ही छाटणीची पद्धत लावली की यातलं बरंच कापता येतं. एखाद्या चालीला प्रतिस्पर्ध्याचं एक सणसणीत उत्तर सापडलं, की त्याची उरलेली सहा उत्तरं बघायची गरज नसते. प्रत्येक ठिकाणी उत्तम चाल आधी तपासली, तर तीच 57 लाख पानं 4,801 वर येतात. अट वाचलीत ना? उत्तम चाल आधी तपासायची. ती माहीत असती तर प्रोग्रॅम कशाला लिहिला असता!

निदान अंदाज तरी करता येतो. तळाच्या ओळीत चारच्या आडव्या रेषा चारच होतात. मधला रकाना चारहींमध्ये असतो, कडेचा एकाच. म्हणून रकाने 1 ते 7 असे ओळीने न तपासता 4, 3, 5, 2, 6, 1, 7 असे तपासायचे. एक ओळ बदलायची आणि फरक डोळ्यांना दिसतो. डावीकडून उजवीकडे मोजत जाणारा प्रोग्रॅम पाहिला की मला अजूनही कसंसं होतं.

पण खरी गंमत इटरेटिव्ह डीपनिंगमध्ये आहे. आधी एक चाल खोल बघायचं, मग पहिल्यापासून दोन, मग पुन्हा पहिल्यापासून तीन. तिसऱ्या फेरीची आदर्श पानं मोजली तर ती भरतात बरोबर 55. म्हणजे पहिले पाढे पंचावन्न, अक्षरशः! हा वेळेचा अपव्यय वाटतो, पण हिशेब करून बघा. पहिल्या सात फेऱ्यांची आदर्श पानं मिळून 3,991. आठवीची 4,801 धरली तरी बेरीज नऊ हजारांच्या आत. शिवाय वेळ संपली तर शेवटच्या पूर्ण फेरीतली चाल हाताशी असतेच.

या फेऱ्या फुकट जात नाहीत, कारण त्यांनी शोधलेली उत्तम चाल ट्रान्सपोझिशन टेबलात, म्हणजे आधी पाहिलेल्या पटांच्या नोंदवहीत, राहते आणि पुढच्या फेरीत सगळ्यात आधी तीच तपासली जाते. मधला रकाना तिच्यानंतर. शिवाय मी 4, समोरचा 1, मी 3 किंवा मी 3, समोरचा 1, मी 4, पट तोच उभा राहतो. टेबल असेल तर तो एकदाच सोडवावा लागतो.

आणि इथेच करायला गेलो गणपती आणि झालं माकड. टेबलात पटाचे नुसते गुण ठेवून भागत नाही. अल्फा-बीटाने मध्येच काम सोडलं असेल तर हाती येतो तो आकडा नसून हद्द असते: ‘कमीत कमी 5’ किंवा ‘जास्तीत जास्त 5’. म्हणून प्रत्येक नोंदीला शिक्का हवा. `alpha` म्हणजे आपल्या पदरात आधीच पडलेले गुण, `beta` म्हणजे ज्याच्यावर समोरचा जाऊ देणार नाही ती मर्यादा, आणि `best` म्हणजे या पटावर सापडलेले सर्वोत्तम गुण:

```
alpha0 = alpha
# ... इथे चाली तपासताना alpha वाढतो ...
if best <= alpha0:  flag = UPPER
elif best >= beta:  flag = LOWER
else:               flag = EXACT
```

पहिली ओळ क्षुल्लक दिसते, म्हणून ती गाळून खाली `alpha` शीच तुलना केली जाते. तोवर `alpha` वाढून `best` एवढाच झालेला असतो, त्यामुळे पहिली अट नेहमी खरी ठरते. ‘कमीत कमी 5’ वर ‘जास्तीत जास्त 5’ चा शिक्का बसतो. समोरच्याची हुकमी जिंकणारी स्थिती प्रोग्रॅमला किरकोळ वाटते आणि तो हसतमुखाने तिच्यात जाऊन बसतो. एरर नाही, क्रॅश नाही. वेग घटत नाही, कधी तर वाढतो, आणि आपण स्वतःची पाठ थोपटून घेतो.

हे पकडायचा उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा. शंभरेक वेगवेगळ्या स्थिती घ्यायच्या, खोली ठरवून टाकायची, आणि प्रत्येक स्थिती टेबल बंद ठेवून एकदा व चालू ठेवून एकदा सोडवायची. चाचणीपुरती, खोली तंतोतंत जुळणारी नोंदच वापरायची, नाहीतर जास्त खोलीची माहिती घुसून गुण रास्तपणे वेगळे येतील. चाली वेगळ्या आल्या तर हरकत नाही, बरोबरीच्या चाली असतात. मुळाशी आलेले गुण मात्र एकाही स्थितीत हलता कामा नयेत.

ते जुळले आणि घड्याळ लावल्यावरच प्रोग्रॅम वेड्यासारखा खेळू लागला, तर वेळ संपल्याची ओळ तपासा. तिथे घाईघाईत `return 0` लिहिलेलं असतं. शून्य म्हणजे बरोबरी. वेळ संपून परतणारा प्रत्येक मजला ती ‘बरोबरी’ इमानेइतबारे टेबलात नोंदवत वर येतो, आणि पुढच्या चालीला तेच टेबल पुराव्यासकट समोर ठेवतं. नोंद करण्याआधी ‘वेळ संपली का’ हे विचारायचं, आणि संपली असेल तर काहीही न लिहिता गपचूप बाहेर पडायचं.