टीएसएच गळ्यात तयार होत नाही

“थायरॉईड म्हणजे वजनाची ग्रंथी. टीएसएच वाढला म्हणजे थायरॉईड जास्त काम करतोय. अशात वरून थायरॉईडचीच गोळी घेणं म्हणजे आगीत तेल ओतणं. रिपोर्ट नॉर्मल आला की गोळी लगेच बंद करा, नाहीतर आयुष्यभर चिकटेल. कोबी-फ्लॉवर कायमचा सोडा. सर्वांना पाठवा.”

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या लॅबमध्ये रोज थायरॉईडच्या रिपोर्टवर सह्या करायचं काम माझं आहे, आणि हा मेसेज मोबाईलवर दाखवत रिपोर्ट न्यायला येणारे आता नवे राहिले नाहीत. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

सगळा घोळ दुसऱ्या वाक्यात आहे. टीएसएच हा हार्मोन थायरॉईडमध्ये बनतच नाही. तो बनतो मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीत. थायरॉईड गळ्यात बसून टी-४ आणि थोडा टी-३ हे स्वतःचे हार्मोन तयार करते, आणि रक्तात ते किती आहेत यावर पिट्युटरीची नजर असते. कमी पडले की ती टीएसएच वाढवते, जास्त झाले की हात आखडता घेते. तालमीतला वस्ताद आठवा. पहिलवान जोर मारताना ढिला पडला की वस्तादाचा आवाज चढतो. गडी आपणहून सुटलाय असं दिसलं की वस्ताद गप्प. रिपोर्टमधला टीएसएच हा वस्तादाचा आवाज आहे. तो चढलाय म्हणजे थायरॉईड मागे पडतेय. ती खरोखर जास्त काम करत असेल तर टीएसएच जवळजवळ शून्यावर जातो.

हे एकदा कळलं की आगीत तेलाचं वाक्य आपोआप पडतं. जे कमी पडतंय तेच, म्हणजे टी-४, गोळीतून दिलं जातं.

आता आकड्याबद्दल, कारण घाबरवतो तो आकडाच. बहुतेक लॅबमध्ये मोठ्या माणसांसाठी साधारण ०.४ ते ४.५ ही मर्यादा छापलेली असते. पिट्युटरी फार तिखट आहे. रक्तातला टी-४ निम्म्यावर आला तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, शंभर पटीच्या घरात जाऊ शकतो. म्हणून ८ म्हणजे ४ च्या दुप्पट आजार असा हिशेब लागत नाही. टीएसएच ५ ते १० च्या मध्ये, फ्री टी-४ म्हणजे रक्तातला मोकळा टी-४ नॉर्मल आणि माणूस ठणठणीत असेल, तर बहुतेक डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करायला सांगतात, आणि बऱ्याच जणांचा आकडा तोवर आपणच खाली येतो. नुकतंच मोठं आजारपण झालेलं असतं, किंवा पहाटेचं आणि दुपारचं रक्त यातलाच फरक असतो. टीएसएच रात्री-पहाटे चढा आणि दुपारी उतरलेला असतो. वय झालेल्यांत तो थोडा वर असणं तर नेहमीचंच. १० च्या पुढे मात्र गोळीचा विचार गांभीर्याने होतो.

गोळी बंद करायच्या सल्ल्याने काय होतं ते मंगळवार पेठेतल्या एका वहिनींचं सांगते. वय बेचाळीस. सकाळी चेहरा सुजलेला, पोट साफ नाही, पाळीला रक्तस्राव जास्त, आणि मे महिन्यातही अंगावर चादर. टीएसएच ४६, फ्री टी-४ ०.५, म्हणजे खालच्या मर्यादेच्याही खाली. डॉक्टरांनी ७५ मायक्रोग्रॅमची गोळी दिली. सहा आठवड्यांनी टीएसएच २.८. इथे मेसेज पोचला आणि गोळी थांबली. पंधरा दिवसांनी भेटल्या तेव्हा खुशीत होत्या: “ताई, सोडली की गोळी! काय बी झालं न्हाई मला.”

होणार कसं? टी-४ शरीरातून निम्मा व्हायलाच सुमारे आठवडा लागतो. म्हणजे गोळी सोडल्यावर पहिले काही दिवस जुना साठाच चालू असतो, आणि माणसाला वाटतं आपल्याला गोळी लागतच नव्हती. डोस बदलल्यावर सहा आठवडे थांबून तपासायचं कारणही हेच. आठ दिवसांत केलेली टीएसएच खरं चित्र दाखवत नाही. वहिनींचा दोन महिन्यांनी ३१ आला. २.८ हा आकडा आजार गेल्याचा नव्हता, डोस बरोबर बसल्याचा होता.

गोळी पुन्हा सुरू झाली, पण या वेळी टीएसएच ९.६ च्या खाली यायला तयार नव्हता. डोस वाढवायची भाषा सुरू झाली तेव्हा मी विचारलं, गोळी घेता कशी?

“पहाटे गोळी टाकते आणि ह्यांच्यासंगं गंगावेशला कट्ट्यावर दूध प्यायला जाते की.”

धारोष्ण दूध, वर नाश्त्यानंतर कॅल्शियमची गोळी! दुधातलं आणि गोळीतलं कॅल्शियम आतड्यात या औषधाला धरून ठेवतं, मग ते रक्तात नीट उतरत नाही. डोस तोच ठेवला. गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, दूध-चहा तासाभराने, आणि कॅल्शियम रात्री. लोहाच्या गोळीलाही असंच चार तासांचं अंतर लागतं. पुढचा टीएसएच ३.१. कट्टा सुटला नाही, फक्त उशिरा सुरू झाला.

आयुष्यभर चिकटण्याचं म्हणाल तर चिकटतो आजार. शरीराच्याच प्रतिकारशक्तीने थायरॉईड हळूहळू निकामी केलेली असते, ती बहुधा परत उभी राहत नाही. बाळंतपणानंतर काही जणींची थायरॉईड काही महिने बिघडून सावरते, त्यांची गोळी सुटूही शकते. पण ती डॉक्टर डोस कमी करत, तपासत सोडवतात.

‘वजनाची ग्रंथी’ हे नाव तर फारच तोकडं आहे. हृदयाचे ठोके, अंगातली ऊब, आतड्यांची चाल, पाळी, त्वचा आणि केस, कोलेस्टेरॉल, पोटातल्या बाळाचा मेंदू, सगळीकडे तिचा हात असतो. तिच्यामुळे वजन वाढतं ते बहुधा दोन-पाच किलो, त्यातही बराच भाग साठलेल्या मीठ-पाण्याचा. पंधरा किलो वाढले असतील तर बाकीच्यांचा जाब थायरॉईडला विचारू नका.

कोबी शिजवून भाजीपुरता खा, काही होत नाही. आयोडीनचं मीठ तेवढं बंद करू नका.

टीएसएच फसवतो कधी, हे मात्र त्या मेसेजमध्ये कुणी लिहिलं नाही. पिट्युटरीच आजारी असेल तर टी-४ कमी असूनही टीएसएच नॉर्मल दिसतो. तिथे फ्री टी-४ शिवाय उलगडा होत नाही. दुसरी फसवणूक केसांच्या गोळ्यांची. केस गळतात म्हणून बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेतल्या जातात, आणि काही मशीनवर त्यामुळे टीएसएच खोटाच कमी आणि टी-४ खोटाच जास्त येतो. धडधाकट बाई कागदावर थायरॉईड वाढलेली ठरते. अशी गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ती थांबवा, आणि फॉर्मवर लिहा. आम्ही काउंटरवर विचारतोच असं नाही.

आणि हा मेसेज ज्यांनी मुळीच मनावर घेऊ नये त्या म्हणजे गरोदर बायका. पहिले तीन महिने बाळाची स्वतःची थायरॉईड कामाला लागलेली नसते, ते आईच्याच टी-४ वर वाढतं. आधीपासून गोळी चालू असणाऱ्यांचा डोस या काळात बहुतेक वेळा पाव ते एकतृतीयांशाने वाढवावा लागतो. दिवस राहिल्याचं कळलं की नावनोंदणीची तारीख येईपर्यंत वाट न बघता डॉक्टरांना फोन करा, आणि तोवर गोळी चालूच ठेवा.