खुलासा : दुसरी बायको, शंभराचा बाँड आणि नऊ एकर

"पहिलीनं शंभराच्या बाँडवर संमती दिली की दुसरं लग्न कायदेशीर होतं. मग दुसरीला आणि तिच्या पोरांना जमिनीत बरोबरीचा हिस्सा मिळतो."

नाही. हिंदू विवाह कायदा 1955 प्रमाणे, घटस्फोट झालेला नसताना आणि पहिली पत्नी हयात असताना केलेलं दुसरं लग्न मुळातच रद्दबातल असतं. बाँडनं ते वैध होत नाही, नोंदणीनंही नाही. पहिलं लग्न चंदगडात आणि दुसरं खानापुरात झालं म्हणूनही काही बदलत नाही. कायदा केंद्राचा आहे.

मुलं मात्र कलम 16 नुसार औरस ठरतात. त्यांना 'अनौरस' म्हणणं चूक आहे, आणि मला ते फार लागतं. पण हक्क फक्त आईवडिलांच्या मालमत्तेत. वडिलोपार्जित जमिनीचं कसं, हे सुप्रीम कोर्टानं 2023 मध्ये कर्नाटकातल्याच रेवणसिद्दप्पा खटल्यात स्पष्ट केलं.

समजा, वडिलोपार्जित 9 एकर. घरात वडील, पहिली पत्नी, तिचा एक मुलगा. दुसरीलाही एक मुलगा. वडील मृत्युपत्र न करता वारले. मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं धरायचं. हिंदू कायद्याच्या आपल्याकडच्या मुंबई परंपरेत त्यात पत्नीलाही वाटा असतो, म्हणून वडील, पहिली पत्नी आणि तिचा मुलगा या तिघांना 3-3 एकर. वडिलांचे 3 एकर मग पहिली पत्नी आणि दोन्ही मुलगे यांच्यात. शेवटी पहिलीला 4, तिच्या मुलाला 4, दुसरीच्या मुलाला 1.

दुसरीला वारस म्हणून काहीच नाही. पहिलं लग्न लपवून तिला फसवलं असेल, तर नवरा हयात असताना ती पोटगी मागू शकते.