बरणी, पेंढा आणि अटी लागू

आमच्या वहिनी कुडाळला चिनी मातीच्या बरण्या विकतात. वर मातकट पिवळ्या, खाली पांढऱ्या, त्या लोणच्याच्या. माल उत्तरेकडून खुर्ज्याहून येतो आणि आमच्याकडून पुण्या-मुंबईला जातो. "भाऊजी, तुम्ही लिहिता ना, मग बरणीचं चार ओळींत वर्णन करून द्या," एवढंच त्या म्हणाल्या. चार ओळींत माणसाचं वर्णन होतं, बरणीचं होत नाही.

मी लिहिलं, "दोन किलोची बरणी." लगेच विचारणा आली: दोन किलो काय? कैरीच्या फोडी, मीठ की पाणी? वजन सोडून लिटरवर आलो, उंची इंचांत दिली. तरी ठाण्याच्या एका बाईंचा फोन: "हात आत जातो का?" खरा प्रश्न हाच होता. लोणचं तळाशी गेलं की हात घालावाच लागतो, तोही बांगड्यांसकट. तेव्हापासून तोंडाचा आतला व्यास सर्वांत वर असतो. त्याखाली "हातघडणीचा माल, पाव इंच इकडेतिकडे" हे वाक्य. ते नसेल तर टेप घेऊन बसणारी माणसं महाराष्ट्रात मुबलक आहेत.

पॅकिंगवर घरात दोन पक्ष पडले. शेजारचे आंबावाले काका पेंढ्याचे कट्टर पुरस्कर्ते. "पेंढो घाल मरे! हजारो आंबे गेले मुंबैक, एकाक खरचटूक नाय." पण आंब्याला पेटीत वारा लागतो आणि बरणीला हवी असते घट्ट मिठी. घाटातल्या वळणांवर पेंढा दबत जातो, बरणी सरकत सरकत तळाला टेकते आणि पुढच्या खड्ड्यात बोलते. पावसाळ्यात तोच पेंढा ओल धरतो, बुरशीचा वास घेऊन पुण्याला पोचतो. काकांना हे सांगायचं धाडस अजून कोणी केलेलं नाही.

आता पद्धत ठरली आहे. झाकण कधीही बरणीवर ठेवायचं नाही, कारण वाटेत तेच काठाला ठोकून ठोकून टवका उडवतं. ते वेगळं गुंडाळायचं. बरणीला बुडबुड्यांच्या प्लास्टिकचे दोन-तीन वेढे, मग पाच थरांच्या पुठ्ठ्याचा खोका, चारी बाजूंनी आणि वर-खाली दोन इंच कागदाचे बोळे, दाबून. खोका हलवून कानाला लावायचा. आतून काहीही ऐकू आलं तर पुन्हा उघडायचा. जुलैत पुठ्ठा दमट होऊन मऊ पडतो म्हणून बाहेरून प्लास्टिक. पेल्याचं चित्र आणि वरच्या दिशेचे बाणही चिकटवतो, पण खोका फेकणारा माणूस ते वाचत नाही, म्हणून खोका उलटा पडेल असं धरूनच भरायचा.

अटी मात्र एकेका तक्रारीबरोबर वाढत गेल्या. साताऱ्याहून फोटो आला: "बरणी तडकलेली आहे, बदलून द्या." झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसत होत्या. भट्टीतून निघाल्यावर झिलई आतल्या मातीपेक्षा जास्त आकसली की अशी जाळी पडते, तडा निराळा. फोनवरच चाचणी घेतली. "झाकण काढा, बोटाच्या पेराने टिचकी मारा." टण्ण वाजली. तडा असता तर थप्प असा बसका आवाज आला असता. तरी लोणच्याला विश्वास लागतो, म्हणून पाणी भरून ती रात्रभर कोऱ्या कागदावर ठेवायला सांगितली. सकाळी कागद कोरडा. गृहस्थांचा आवाज मात्र ओलसर: "पण दिसायला..." म्हणून अट आली: जाळी म्हणजे तूट नव्हे, पाझरली तर बदलून देऊ.

पुढची अट: खोका उघडतानाचं सलग चित्रण हवं, माल मिळाल्यापासून दोन दिवसांत कळवायचं, खोका टाकायचा नाही. फक्त झाकण फुटलं तर झाकणच मिळेल, पण काठाचं माप पाठवा, कारण हातघडणीच्या बरणीला दुसरीचं झाकण बसेलच असं नाही. आणि कढत फोडणी थेट ओतल्यावर बरणी तडकली तर ती आमच्या खात्यात धरली जाणार नाही. ही अट वहिनींनी जाड अक्षरांत घ्यायला लावली. का, ते कोणी विचारलं नाही.

परवा डोंबिवलीहून रीतसर सगळं आलं. मुदतीत, चित्रणासकट, "वाटेत फुटली" या शेऱ्यासह. चित्रणात खोका चारी बाजूंनी शाबूत. मग उजवीकडून एक हात आत येतो. हातात कोयती. चिकटपट्टी निघत नाही म्हणून पहिला घाव, दुसरा घाव, आणि मागून आजींचा आवाज: "हळू रे, आत काहीतरी वाजलं!"

वहिनींनी निम्म्या किमतीत नवी बरणी पाठवली. आजींसाठी, म्हणाल्या. अटींत आता "कोयती वापरू नये" आहे, आणि खोक्यावर चिकटपट्टीचं टोक दुमडून ठेवलेलं असतं.