हॉल दोघींचा आहे, मग सोफा एकटीने कसा ठरवलास?

समोरासमोर बोलले तर भांडण होईल, म्हणून लिहितेय. रागातच लिहितेय, ते तुला कळू दे.

मी ऑफिसातून येते तर हॉलमध्ये एल आकाराचा सोफा. विचारणं नाही, फोटो नाही, साधा मेसेज नाही. आणि रात्री हिशोब आला: छत्तीस हजारांचे अर्धे, अठरा हजार, शिवाय लिफ्टमध्ये मावला नाही म्हणून जिन्याने वर चढवणाऱ्या हमालांच्या दीड हजारातला माझा अर्धा वाटा. ज्या वस्तूला मी हो म्हटलंच नाही, तिची किंमत माझ्याकडून कशी मागतेस?

आणि माप तरी घेतलं होतंस? आपला हॉल दहा बाय चौदा. सोफ्याची लांब बाजू साडेआठ फूट, आडवी बाजू थेट बाल्कनीच्या सरकत्या दारापुढे. दार अर्धंच उघडतं. ऐरोलीत जूनपासून बाहेर कपडे वाळत नाहीत, पंख्याखाली स्टँड ठेवायची तेवढीच एक जागा होती. ती गेली. माझे कपडे आता माझ्या खोलीत कुबट वास मारत लटकतायत.

तू म्हणालीस, "तूही बसतेसच ना?" बसते! पण बसणं म्हणजे वापर. मालकी वेगळी. वापराचे पैसे मी देईन, मालकीचे नाही. आपला करार अकरा महिन्यांचा, त्यातले पाच उरलेत. नंतर मी गेले तर सोफा तुझ्याकडेच राहणार. म्हणजे पाच महिने बसायचे मी अठरा हजार मोजायचे, महिन्याला छत्तीसशे! "जाताना परत देईन" म्हणतेस, पण किती, ते कुठल्या भावाने ठरवणार? कापडी सोफा एकदा वापरला की भाव उतरतो, आणि घेणारा टेम्पो-हमालीचा खर्चही किमतीतून कापायला बघतो. निघायच्या आठवड्यात, खोकी बांधताना, हा वाद मला नको आहे.

म्हणून माझं म्हणणं असं. जी वस्तू उचलून नेता येते, म्हणजे सोफा, फ्रिज, टेबल, तिची मालकीण एकच. पूर्ण पैसे तिचे, जाताना वस्तूही तिची. दुसरीने फक्त वापराचं भाडं द्यायचं. सोफा पाच वर्षं टिकेल असं धरू: छत्तीस हजार भागिले साठ महिने, महिन्याला सहाशे, माझे अर्धे तीनशे. नवी वस्तू पहिल्या वर्षी जास्त उतरते, तेही मान्य, म्हणून पाचशे धर. पाच महिन्यांचे अडीच हजार मी आजच पाठवते. हमाली तुझी, कारण लिफ्टचं माप न घेता मागवलास तू. फाटला, डाग पडला, तर जिच्याकडून किंवा जिच्या पाहुण्यांकडून झालं तिने भरायचं. बसून बसून फोम दबला तर ते भाड्यातच आलं.

पडद्यांची गोष्ट वेगळी आहे. ते याच खिडकीच्या मापाने शिवलेले, दुसऱ्या घरात कुठे बसणार? असल्या खर्चाचे सरळ अर्धे करायचे आणि विसरून जायचं. सहा हजारांतले तीन मी लगेच दिले होते, कारण तेव्हा तू विचारलं होतंस. हाच तर फरक आहे!

भिंतींचं मात्र मी सोडणार नाही. टीव्हीसाठी तू चार भोकं पाडलीस. घरमालकाने आधीच सांगितलंय की भिंती होत्या तशा परत हव्यात. डिपॉझिट दोघींचं अर्धं-अर्धं आहे, पण भोकं बुजवण्याचे, रंगाचे पैसे कापले गेले तर ते तुझ्या अर्ध्यातून. दोघींनी ठरवून ड्रिल मारलं असतं तर मीही भरले असते.

यापुढे हजारापर्यंतची वस्तू बिनधास्त घे, पायपुसणं आणायला मला विचारू नकोस. त्यावर असेल तर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, किंमत आणि लांबी-रुंदी टाकायची, आणि समोरचीचा लिखित "हो" आल्याशिवाय ऑर्डर नाही. मी मेसेज पाहिला आणि गप्प बसले म्हणजे होकार नव्हे. मी नाही म्हटलं आणि तरीही तुला घ्यायचंच असेल, तर स्वतःच्या पैशाने घे आणि तुझ्या खोलीत ठेव. तुझा पैसा तुझा आहे, पण हॉलची जागा अर्धी माझी आहे, तिचं भाडं मी दर महिन्याला भरते.

रविवारपर्यंत याला हो किंवा नाही लिहून कळव. आणि सोफ्याची ती आडवी बाजू खालचे दोन हुक काढले की सुटी होते, मी पाहिलंय. ती आज रात्रीच तुझ्या खोलीत ने. मला बाल्कनीचं दार पूर्ण उघडायला हवंय.