पीडीएफ कापायची सोपी पद्धत: बेचाळिसाव्या पानावर डोळे मिटून सुरी चालवा

समजा तुमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट निघालंय, सगळी कागदपत्रं एका पोर्टलवर चढवायचीत आणि तिथे लाल अक्षरात लिहिलंय की एक फाइल ५ एमबीच्या वर चालणार नाही, आणि तुमची फाइल आहे १८० पानांची, २१ एमबीची. अजिबात घाबरू नका. चौथीत भागाकार शिकलात ना, तो नेमका याच दिवसासाठी होता.

२१ ला १८० ने भागा, पानाला साधारण ०.१२ एमबी येतात, म्हणजे ५ एमबीत ४२ पानं आरामात. मग १ ते ४२, ४३ ते ८४, असे पाच भाग पाडा आणि चहा टाका. आत काय आहे ते बघायला बसू नका, बघितलं की डोक्याला ताप होतो.

आता आमच्या फाइलमध्ये काय होतं ते सांगतो, म्हणजे न बघण्याचं सुख कळेल. पहिली १४ पानं अर्ज आणि यादी, टाइप केलेली, सगळी मिळून ०.४ एमबी. १५ ते ५२ सभांची इतिवृत्तं, काळीपांढरी स्कॅन, २.६ एमबी. ५३ ते ११८ सभासदांची संमतीपत्रं, ४.३. मग ११९ ते १३१ नकाशे, फक्त १३ पानं पण मोठ्या कागदावरचे रंगीत स्कॅन, त्यामुळे ९.१ एमबी. शेवटी १३२ ते १८० स्ट्रक्चरल ऑडिट, ४.६. म्हणजे सरासरी पान नावाचं पान या फाइलमध्ये एकही नाही, पण भागाकाराचं मन कशाला मोडा.

पहिला तुकडा सव्वादोन एमबीच्या जरा वर, पोर्टलने मुकाट गिळला. तिसरा (८५ ते १२६) जवळजवळ ८ एमबी निघाला कारण निम्म्याहून जास्त नकाशे त्यात येऊन बसले, चौथाही ७ च्या आसपास, दोन्ही परत. आणि पहिला तुकडा तोडला तो बरोब्बर अशा जागी की ४२ व्या पानाच्या तळाशी "ठराव क्र. ७: सर्वानुमते असे ठरले की" आणि काय ठरलं ते दुसऱ्या फाइलमध्ये. संमतीपत्रं मात्र वाचली, एकेक दोन पानांचं होतं आणि ८४ वर एक संपत होतं, देव पावला. अशा वेळी छाती पुढे काढून सांगायचं, मी विचार करून कापलंय.

भागाकाराचा कंटाळा असेल तर तयार सॉफ्टवेअर आहेतच. PDFsam Basic मध्ये साइजने तोडायची सोय आहे आणि बुकमार्कने तोडायचीही. साइजवाली सोय लिमिट बघते, ठराव कुठे तुटतो त्याच्याशी तिला घेणंदेणं नाही. बुकमार्कवाली प्रकरणाचा मान राखते, पण ते प्रकरण ९ एमबीचं झालं तरी हूं का चूं करत नाही. दोघींना एका खोलीत बसवून बोलणी घडवून आणायचं काम तुमचं, म्हणून ते करूच नका.

आमच्या विंगमधल्या एका रिटायर्ड काकांनी मात्र केलं, त्यांना वेळ फार. पहिल्यांदा त्यांनी टर्मिनलमध्ये pdftk नावाच्या टूलने विभाग कुठे सुरू होतात ते काढलं.

```
pdftk sanstha.pdf dump_data | grep Bookmark
```

बुकमार्क असले तर याने प्रत्येकाचं नाव आणि पान नंबर येतो. आमची फाइल स्कॅनची, त्यामुळे काहीच आलं नाही, मग काकांनी १८० पानं सरकवत वहीत यादी केली. तुम्ही सरळ अनुक्रमणिकेवर विश्वास ठेवा. त्यात ऑडिट १२९ वर आहे असं छापलंय, सुरुवातीची तीन पानं मोजलीच नव्हती म्हणून, फाइलमध्ये ते १३२ वर आहे, पण तीन पानं इकडे तिकडे झाली तर नकाशाची शेपटी ऑडिटला लागते एवढंच.

मग काकांनी काय केलं तर अंदाज न करता qpdf नावाच्या दुसऱ्या टूलने एकेक विभाग खरंच बाहेर काढून वजन केलं.

```
qpdf sanstha.pdf --pages . 1-52 -- bhag1.pdf
ls -l bhag1.pdf
```

अर्ज अधिक इतिवृत्तं मिळून ३.०, पुढे संमतीपत्रं घातली तर ७.३ होतात, म्हणून तिथेच थांबले, भाग एक झाला. संमतीपत्रं एकटी ४.३, भाग दोन. म्हणजे मावेल तोवर पुढचा पूर्ण विभाग घालत जायचं, मावेनासा झाला की नवी फाइल, भाजीची पिशवी भरतात तसं. ऑडिट ४.६ चं, तेही एकटं.

अडले नकाशांवर, एकच विभाग आणि ९.१. इथे आम्ही म्हणालो की काका, कॉम्प्रेस मारा ना. मारून बघितलं, तर नकाशावरची मापं अशी पुसट झाली की ३ चा ८ दिसायला लागला. मग काकांनी विभागाच्या आतलं नैसर्गिक जोड शोधलं: तीन वेगळे नकाशासंच होते, २.७, ३.८ आणि २.६ चे. कुठलेही दोन एकत्र केले तरी ५ च्या वर जातं, म्हणून तीन फाइली. एकूण सहा. आकडेमोडीने पाचात बसायला हवं होतं, एक जास्त गेली, पण एकही नकाशा तुटला नाही. (इतिवृत्तं इतकी जड असती तर वेगळीच भानगड, कारण एक सभा अर्ध्या पानावर संपून खालीच दुसरी सुरू होते. तिथे ते मधलं पान दोन्ही फाइलींत घालायचं. पान दोनदा गेलं म्हणून कुणी फाशी देत नाही.)

तुम्हाला ही सगळी उठाठेव टाळायची असेल तर आणखी दोन गोष्टी जरूर करा. एक, फाइल अगदी काठोकाठ ५.१ वर आणून ठेवा आणि "काँप्युटर तर ५ च्या आतच दाखवतोय" म्हणून भांडा. कुणी ५ एमबी म्हणजे ५०,००,००० बाइट मोजतं, कुणी ५२,४२,८८०, तुमचं आणि पोर्टलचं एकमत असेलच अशी मनापासून आशा ठेवा. काका मेले ४.८ वर थांबत होते. दोन, तुकड्यांची बेरीज मूळ फाइलएवढीच येणार हे गृहीत धरा. ऑडिटच्या फाँटची आणि प्रत्येक पानावरच्या लोगोची मूळ फाइलमध्ये एकच प्रत असते, ऑडिट दोन तुकड्यांत तोडलं की दोघांनाही आपापली लागते, म्हणून वजन वाढतं. काही टूल तर तीन पानं काढली तरी सगळ्या फाइलच्या इमेज सोबत बांधून देतात, पान कमी झालं पण साइज जागची हलत नाही, त्यावरून ओळखू येतं. पण ओळखायचं कशाला.

आणि हो, ऑडिटवर इंजिनिअरची डिजिटल सही असेल तर ते खुशाल कापा. पानं बदलली की सही अवैध दाखवते, मग त्याला रात्री अकरा वाजता फोन करून पुन्हा सही मागायची, ओळखी वाढतात.

फाइलींना नावं द्यायची bhag1, bhag2new, bhag2final. काकांनी दिली होती 01_arj_itivrutta, 02_sammati, 03_nakasha_a अशी, काय तो रुक्षपणा.

आमचे पाच तुकडे मी आधीच चढवायला घेतले होते, त्यातले तीन गेले होते. आठवड्याने ऑफिसमधून फोन आला, समोरच्या बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "ठराव क्रमांक सातमध्ये असं ठरलं की, एवढंच दिसतंय, पुढे काय ठरलं?"

मी म्हटलं, बघतो, आणि काकांच्या दाराची बेल वाजवली.