परीक्षेचा पेपर छपाईआधी तपासणाऱ्या मॉडरेटरला पाठवायचं पत्र: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "तुमचा पत्राचा नमुना वाचला. बाहेरचा मॉडरेटर म्हणजे वीस-पंचवीस वर्षं शिकवलेला माणूस, त्याला विभागप्रमुखाने काय बघा नि कसं बघा हे दोन पानांत सांगायचं म्हणजे अपमानच. पेपर पाठवा, 'कृपया तपासून द्यावा' एवढं लिहा, बास. आणि सोबत मॉडेल आन्सर कशाला? त्याला उत्तरं येत नाहीत का?"

सर, अनुभवाचा मान ठेवूनच लिहितोय, पण मॉडेल आन्सरचा मुद्दा मला अजिबात पटत नाही. ते मॉडरेटरला उत्तर येत नाही म्हणून पाठवायचं नसतं, पेपर सेटरच्या डोक्यात काय होतं ते त्याला दिसावं म्हणून पाठवायचं असतं.

संख्याशास्त्राचा एक साधा प्रश्न घ्या. 10 पाकिटांचं सरासरी वजन 52 ग्रॅम आलं, प्रमाण विचलन 3 ग्रॅम, वजनं प्रसामान्य वितरणात आहेत असं धरा आणि सरासरी 50 ग्रॅम आहे का हे 5 टक्के पातळीवर तपासा, दोन्ही बाजूंची चाचणी, गुण 6. वरवर वाचला तर पेपर एकदम ठीक वाटतो. पण हे 3 ग्रॅम कुणाचं? सगळ्या उत्पादनाचं आधीपासून माहीत असलेलं, की याच 10 पाकिटांवरून काढलेलं? आकडेमोड केली की दोन्हीकडे 2.11 च्या आसपासच उत्तर येतं, पण पहिल्या अर्थाने z चाचणी, टेबलची किंमत 1.96, म्हणजे गृहीतक नाकारायचं, आणि दुसऱ्या अर्थाने t चाचणी, 9 स्वातंत्र्यमात्रा, किंमत 2.262, म्हणजे नाकारता येत नाही. निष्कर्ष उलटे! सेटरने z धरून मार्किंग स्कीम लिहिली असेल तर t ने नीट सोडवणाऱ्या मुलाचे शेवटचे गुण गेलेच, आणि मॉडरेटरच्या मनात पहिल्यांदा वाचताना t च आली असेल तर त्याला प्रश्नात खटकण्यासारखं काही दिसणारच नाही. सेटरचं उत्तर शेजारी ठेवलं तरच गडबड कळते, आणि मग दुरुस्ती अगदी लहान आहे, 'उत्पादनाचं ज्ञात प्रमाण विचलन' असं लिहायचं, काम झालं.

आता मी सिलॅबस का जोडायला सांगतो ते याच प्रश्नावरून बघा. पूर्वी एकाच विद्यापीठाचा सिलॅबस सगळ्या कॉलेजांना असायचा तेव्हा एक ओळीचं पत्र चालून जायचं, कारण मॉडरेटर स्वतः तेच शिकवत असायचा. ऑटोनॉमस कॉलेजचं तसं नाही, सिलॅबस आपापल्या अभ्यास मंडळाने केलेला. समजा या कॉलेजात t चाचणी पुढच्या सेमिस्टरला आहे. मॉडरेटर त्याच्या कॉलेजच्या सवयीने 'लहान नमुना आहे, t करा' असा चांगल्या मनाने बदल सुचवणार आणि पेपरच सिलॅबसच्या बाहेर जाणार! म्हणून युनिटवार तासांसकट सिलॅबस आणि कुठला प्रश्न कुठल्या युनिटचा याचा तक्ता द्यायचा. या तक्त्यावरून अजून एक गोष्ट पकडता येते, चौथ्या युनिटचे सगळे प्रश्न 'कोणतेही तीन सोडवा'मध्येच पडले असतील तर मुलं ते युनिट न वाचता पूर्ण गुणांचा पेपर सोडवू शकतात.

राहिला अपमानाचा प्रश्न. मला वाटतं एक ओळीच्या पत्रातच माणसाला जास्त अवघडल्यासारखं होतं, कारण त्याला आपला अधिकार किती हेच कळत नाही. प्रश्न बदलू का, की नुसता शेरा मारू? मग तो दोन स्पेलिंग सुधारतो, सही करतो आणि पाठवून देतो. याउलट पत्रात हे असं सरळ लिहा:

"भाषेच्या नि छपाईच्या चुका आपण पेपरवरच दुरुस्त कराव्यात. प्रश्न किंवा गुण बदलावेसे वाटले तर वेगळ्या कागदावर कारण आणि शक्य असल्यास पर्यायी प्रश्न द्यावा. बदल मान्य झाला नाही तर का ते आम्ही आपल्याला कळवू आणि अंतिम पेपर छपाईआधी पुन्हा आपल्या नजरेखालून घालू. सर्व आकडेमोडीचे प्रश्न आपण स्वतः एकदा सोडवून पाहावेत आणि त्याला लागलेला वेळ नोंदवावा, ही विशेष विनंती."

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलंय, कारण वेळेचा अंदाज नुसता वाचून येत नाही.

लांबीबद्दल तुमचं थोडं मान्य करतो, दोन पानांची गरज नाही. तारीख, मानधन, फाइलचा पासवर्ड फोनवर सांगणार वगैरे गोष्टी परीक्षा नियंत्रकांच्या नेमणूकपत्रात असतातच, त्या विभागप्रमुखाच्या पत्रातून काढल्या तर ते एका पानात बसतं. पण मॉडेल आन्सर, सिलॅबस आणि तो तक्ता ही तीन जोडपत्रं मी काढणार नाही.