जूनच्या बिलातली आठ नावं: हाउसकीपिंगच्या बिलावरील तक्रारीला आमचं उत्तर

रिव्ह्यू (२ स्टार): "करारात हाउसकीपिंगचे सहा जण ठरले होते, जूनच्या बिलात आठ नावं आहेत. बिल १,५४,२८४ रुपये, म्हणजे माणशी २५,७१४. कामगार सांगतो, त्याच्या हातात तेरा हजारही पडत नाहीत. मधले पैसे कुठे जातात? जूनच्या बिलाला पीएफचं चलन मेचं लावलंय. मागच्या दिवाळीत बिल पावणेदोन पट आलं होतं. दुसरी एजन्सी जीएसटी धरून १९ हजारात माणूस द्यायला तयार आहे." (खजिनदार, गृहनिर्माण सोसायटी, पुणे)

नमस्कार सर. बिलाचा फोटो तुम्ही रिव्ह्यूसोबत टाकलाच आहे, म्हणून आकडे इथेच मांडतो. इतर सोसायट्यांच्या कमिट्याही हेच विचारतात, त्यांनाही उपयोग होईल.

आपला करार सहा माणसांचा नाही, सहा पॉइंटचा, म्हणजे कामाच्या सहा जागांचा आहे आणि ते सहाही पॉइंट रविवारसकट रोज भरलेले हवेत अशी त्यात अट आहे. जूनचे दिवस ३०, म्हणजे गरज १८० ड्युट्यांची. एका कामगाराला आठवड्याची सुट्टी द्यावीच लागते, त्यामुळे तो महिन्यात २६ ड्युट्या करतो. सहा जण एकही खाडा न करता आले तरी १५६ होतात. उरलेल्या २४ ड्युट्यांसाठी रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस लागतो. जूनमध्ये नेहमीच्या सहा जणांनी मिळून १५२ ड्युट्या केल्या, म्हणजे रिलीव्हरची गरज २८ वर गेली. एका रिलीव्हरने २० केल्या, दुसऱ्याने ६. सहा आणि दोन, अशी आठ नावं. बेरीज १७८. दोन ड्युट्या रिकाम्या गेल्या आणि त्या बिलात धरलेल्या नाहीत. म्हणून बिल वाचताना नावं मोजू नका, ड्युट्यांची बेरीज मस्टरशी ताडून पाहा. ३१ दिवसांच्या महिन्यात गरज १८६ ची होते, त्यामुळे बिल दर महिन्याला सारखं येणार नाही.

आता दर. करारात बेसिक आणि विशेष भत्ता मिळून महिन्याला १४,३०० रुपये आहेत. त्याला २६ ने भागलं की एका ड्युटीचे ५५० येतात. सगळ्यात जास्त वाद या भागाकारावर होतात. काही कमिट्या महिन्याचा पगार ३० ने भागतात आणि हजेरीच्या २६ दिवसांनी गुणतात. मग दिवसाचे ४७६ रुपये ६७ पैसे होतात आणि पूर्ण हजेरी असलेल्या माणसाला १२,३९३ रुपये मिळतात. जवळपास १,९०० रुपये गेले, आणि तेही त्याने घेतलेल्या हक्काच्या सुट्टीचे. ३० ने भागायचं असेल तर सुट्टीचे चार दिवसही पगारी धरावे लागतात. २६ ने भागलं की सुट्टीचा पगार त्या ५५० मध्येच येतो. दोन्हीपैकी एकच पद्धत धरा. भागाकार एका पद्धतीचा आणि गुणाकार दुसऱ्या पद्धतीचा झाला की कामगाराचा पगार किमान वेतनाच्या खाली घसरतो.

जूनचा हिशोब असा. १७८ ड्युट्या गुणिले ५५० म्हणजे ९७,९०० रुपये. त्यावर ५ टक्के घरभाडं भत्ता ४,८९५, म्हणजे एकूण मजुरी १,०२,७९५. मालकाच्या वाट्याचा पीएफ १३ टक्के: त्यातले १२ टक्के भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शनमध्ये, अर्धा टक्का विम्याला, अर्धा टक्का प्रशासकीय खर्चाला. हा पीएफ घरभाडं वगळून ९७,९०० वर लागतो, म्हणून १२,७२७. ईएसआय मात्र घरभाडं धरून लागतो, सव्वातीन टक्के, म्हणजे ३,३४१. इथवर १,१८,८६३ झाले. त्यावर आमचा १० टक्के सर्व्हिस चार्ज ११,८८६, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी २३,५३५. एकूण १,५४,२८४.

या रकमेला सहाने भागून आलेले २५,७१४ हे एका पॉइंटचे पैसे आहेत, त्यात रिलीव्हरचीही मजुरी आहे. हातातल्या पगाराशी तुलना करायची तर २६ ड्युट्या केलेला एकच माणूस घ्या. त्याच्यापोटी सोसायटीने भरले २२,५३६. त्याची मजुरी घरभाड्यासह १५,०१५. त्यातून त्याच्या वाट्याचा पीएफ १,७१६, ईएसआय ११३ आणि व्यवसाय कर २०० कापला की हातात १२,९८६ राहतात. कामगाराने तुम्हाला सांगितलं ते खरंच आहे. महिला कामगारांना महिना २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही, त्यामुळे त्याच हजेरीवर त्यांच्या हातात २०० रुपये जास्त पडतात. कापलेला पीएफ आणि आमच्याकडून भरलेला पीएफ, दोन्ही त्याच्याच यूएएनवर, म्हणजे त्याच्या पीएफच्या कायम क्रमांकावर जातात. मालकाच्या बाजूचे पीएफ-ईएसआय मिळून २,३४७. जीएसटी ३,४३८. आमच्याकडे राहतात १,७३६, त्यातून गणवेश, सुपरवायझरच्या फेऱ्या आणि बिल वसूल होईपर्यंत आधी दिलेल्या पगाराचं व्याज निघतं.

जीएसटी फक्त सर्व्हिस चार्जवर लावा, असं बऱ्याच सोसायट्या म्हणतात. मनुष्यबळ पुरवठ्यात कामगार एजन्सीच्या नोकरीत असतो, त्यामुळे मजुरी, पीएफ, ईएसआय हे सगळं आमच्या सेवेच्या किमतीतच धरलं जातं आणि कर पूर्ण रकमेवर लागतो. रिव्हर्स चार्ज, म्हणजे कर एजन्सीऐवजी ग्राहकाने थेट भरण्याची सोय, सिक्युरिटीला ठरावीक परिस्थितीत आहे, हाउसकीपिंगला नाही.

मेच्या चलनाबद्दल. जूनचा पीएफ भरायची मुदत १५ जुलै असते आणि बिल आम्ही जुलैच्या पहिल्या आठवड्यात देतो. त्या दिवशी जूनचं चलन असूच शकत नाही, म्हणून मागच्या महिन्याचं लावतो. जूनचं चलन जुलैच्या बिलासोबत येईल. पण नुसत्या चलनावर समाधान मानू नका, आमच्याकडूनही नाही. चलन पूर्ण एजन्सीचं असतं, त्यावर फक्त एकूण रक्कम दिसते, तुमचे कामगार त्यात आहेत की नाहीत हे कळत नाही. त्यासोबत ईसीआर, म्हणजे पीएफचं महिन्याचं विवरणपत्र मागा. त्यात प्रत्येक कामगाराचं नाव आणि यूएएन असतं. आपल्या साइटची नावं शोधा आणि `EPF WAGES` हा रकाना मस्टरशी जुळतो का पाहा. २६ ड्युट्या असतील तर तिथे १४,३०० हवेत, २० असतील तर ११,०००. मग `NCP DAYS` पाहा. बिनपगारी दिवस तिथे येतात. मस्टरवर पूर्ण हजेरी आणि इथे दहा-बारा दिवस लिहिलेले दिसले, तर तुमच्याकडून पूर्ण पीएफ घेऊन खात्यात अर्धाच भरला जातोय. नावं सगळी बरोबर असतात, म्हणून ही चोरी सहसा नजरेत येत नाही. आणखी एक जागा रिलीव्हरची. सहाच ड्युट्या केल्या म्हणून पीएफ चुकत नाही, तो पहिल्या दिवसापासून लागतो. ईसीआरमध्ये तुमच्या साइटची आठही नावं असायला हवीत.

दिवाळीचं बिल बोनसमुळे वाढतं. सहा पॉइंटची वर्षाची मजुरी साधारण १२ लाख, त्याचे ८.३३ टक्के म्हणजे लाखभर रुपये आणि त्यावर जीएसटी. बोनसवर आम्ही सर्व्हिस चार्ज घेत नाही. दर महिन्याच्या बिलात ८.३३ टक्के लावून घेतले असते तर एकदम ओझं आलं नसतं, हे बरोबर आहे. पण वर्षात ३० दिवसही काम न केलेल्या कामगाराला कायद्याने बोनस लागू होत नाही. हाउसकीपिंगमध्ये माणसं सारखी बदलतात. दरमहा घेतलेल्या पैशातला अशा लोकांचा वाटा एजन्सीकडेच पडून राहतो आणि त्याचा हिशोब कुणी मागत नाही. म्हणून आम्ही प्रत्यक्ष वाटलेल्या बोनसचंच बिल करतो, सह्यांच्या यादीसकट. कमिटीने दरमहा एक बारावा भाग स्वतःच्या खात्यात बाजूला ठेवावा, असं आमचं सांगणं आहे.

राहिला १९ हजारांचा भाव. त्यातून जीएसटी काढला की १६,१०२ उरतात. २६ ड्युट्यांच्या माणसाची मजुरी, मालकाचा पीएफ आणि ईएसआय मिळून १७,३६२ होतात. सर्व्हिस चार्ज शून्य धरला तरी १,२६० कमी पडतात. ते एकतर मजुरीतून निघतील किंवा पीएफमधून. त्या एजन्सीकडून दराची फोड लेखी घ्या: एका ड्युटीचा दर किती, कितीने भागला, पीएफ कोणत्या रकमेवर, रिलीव्हर धरलाय की वेगळा. फोड द्यायला टाळाटाळ झाली तर भाव नाकारा, कारण पगार किंवा पीएफ थकला तर मूळ मालक म्हणून वसुली सोसायटीकडे येऊ शकते.

एक गोष्ट जुलैच्या बिलात दिसेल ती आत्ताच सांगतो. विशेष भत्ता दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो, त्यामुळे ५५० चा दर बदलू शकतो. परिपत्रक कधीकधी उशिरा हाती येतं. तसं झालं तर बिल जुन्या दराने निघेल आणि फरकाचं बिल वेगळं येईल, सोबत परिपत्रकाची प्रत असेल. तसंच, रिलीव्हर आला नाही म्हणून एखाद्याने सलग दुसरी ड्युटी केली तर ती ओव्हरटाइम आहे, दुप्पट दराने, म्हणजे १,१०० रुपये. ओव्हरटाइमवर ईएसआय लागतो, पीएफ लागत नाही. जादा काम सोसायटीने सांगितलं असेल तरच तो खर्च तुमच्या बिलात येईल. आमचा माणूस आला नाही म्हणून झालेली डबल ड्युटी बिलात एकाच ड्युटीच्या दराने धरली जाते, वरचे पैसे कामगाराला आम्ही देतो.

मस्टरवर रोज संध्याकाळी सोसायटीच्या मॅनेजरची सही झाली तर निम्मे वाद होणारच नाहीत. जूनच्या मस्टरवर १४ ते १९ तारखेच्या सह्या एकाच दिवशी घेतलेल्या दिसतात. त्या सहा दिवसांची हजेरी गेटच्या रजिस्टरशी ताडून पाहायची असेल तर कळवा, सुपरवायझर मूळ मस्टर घेऊन येईल. एखादी ड्युटी जास्त लागलेली निघाली तर घरभाडं, पीएफ, ईएसआय, सर्व्हिस चार्ज आणि जीएसटीसह प्रत्येकी ८६७ रुपयांची क्रेडिट नोट देऊ.